शाळेच्या प्रवेश-चॅटसाठी सूचना लिहिताना मी काय शिकले

नाशिक जिल्ह्यातल्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेच्या कार्यालयात मी लिपिक आहे. नर्सरी ते दहावी. डिसेंबर ते एप्रिल या काळात माझा निम्मा दिवस प्रवेशाच्या चौकश्यांतच जातो. २०२५-२६ च्या प्रवेशांसाठी शाळेनं वेबसाइटवर चॅटची मदत सुरू करायचं ठरवलं. आमच्या संगणकाच्या सरांनी मागची जोडणी केली आणि सिस्टिम प्रॉम्प्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण पालक काय विचारतात हे मला ठाऊक होतं. सिस्टिम प्रॉम्प्ट म्हणजे चॅटमध्ये उत्तरं लिहिणाऱ्या एआय मॉडेलला प्रत्येक संभाषणाच्या आधी वाचायला मिळणारं आपलं सूचनापत्र. पालकांना ते दिसत नाही. मॉडेलला आपल्या शाळेबद्दल जे काही कळतं ते तेवढ्यातूनच.

पहिल्या खेपेला मी सगळं मनाईच्या भाषेत लिहिलं. फक्त प्रवेशाबद्दल बोलावं. आरटीईबद्दल बोलू नये. फी कमी होईल का, यावर बोलू नये. इतर शाळांबद्दल बोलू नये. अशा सतरा-अठरा ओळी झाल्या. मुख्याध्यापिका बाईंना त्या नीटनेटक्या वाटल्या, मलाही वाटल्या. जानेवारीत आठवडाभरासाठी चाचणी म्हणून चॅट सुरू केलं.

चौथ्या दिवशी एक वडील कार्यालयात आले. रिक्षा चालवतात, गणवेशावरच होते. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, आमच्यासारख्यांना तुम्ही घेत नाही का?" मला काही कळेना. त्यांनी मोबाइल पुढे केला. आदल्या रात्री त्यांनी विचारलं होतं की आरटीईतून मुलाला पहिलीत घालायचंय, फॉर्म कुठे मिळेल. उत्तर आलं होतं की या विषयावर माहिती देता येणार नाही, प्रवेशाबद्दल दुसरा काही प्रश्न असेल तर विचारावा. शब्द सगळे सौम्य होते, शेवटी धन्यवादही होता. पण शाळेच्या नावाखाली आलेली ती ओळ त्यांनी रात्रभर एकाच अर्थानं वाचली, की शाळेनं नाही म्हटलं.

मी ती मनाई का घातली होती? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार आमच्यासारख्या शाळांत प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, सोडत शिक्षण विभाग काढतो, कागदपत्रं पडताळणी समिती तपासते. निवडीत शाळेचा हात नसतो. चॅटनं कुणाला चुकूनही आश्वासन देऊ नये, एवढीच माझी काळजी होती. पण प्रॉम्प्टमध्ये मी ती काळजी लिहिलीच नाही, तिच्यातून निघालेली मनाई तेवढी लिहिली. कारण माहीत नसल्यानं मॉडेलनं विषयाचं नाव निघताच दार लावून घेतलं. फॉर्म कुठे भरायचा हे सांगण्यात कसलीच अडचण नव्हती, पण ते मॉडेलला कळणार कुठून?

त्या वडिलांना बसवून मी student.maharashtra.gov.in उघडून दाखवलं आणि कागदपत्रांची यादी हातानं लिहून दिली. ते गेल्यावर आरटीईची ओळ खोडली आणि तिच्या जागी हे लिहिलं:

```
आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत शिक्षण विभाग काढतो. त्यात
कोणाला घ्यायचं हे शाळा ठरवत नाही. तरी पालक आधी शाळेलाच
विचारतात, आणि नुसता नकार मिळाला तर शाळा आपल्याला टाळते
आहे असं त्यांना वाटतं. म्हणून आधी सांगावं की या जागा आमच्या
शाळेत आहेत. मग अर्ज कुठे भरायचा ते सांगावं. फॉर्म भरताना
अडलं तर सकाळी १० ते १ कार्यालयात मदत मिळते, हेही सांगावं.
निवड होईल की नाही याचा अंदाज मात्र देऊ नये, कारण तो आपल्यापैकी
कोणालाच करता येत नाही.
```

एका ओळीचा परिच्छेद झाला. पण याचा फायदा मी न लिहिलेल्या प्रश्नांतही दिसला. एका आईनं विचारलं होतं की प्रतीक्षा यादीत कितवा नंबर लागला म्हणजे आशा धरावी. प्रतीक्षा यादीचं नाव मी कुठेच घेतलं नव्हतं. तरी उत्तर बरोबर आलं: अंदाज न देता, यादी कोण जाहीर करतं आणि तोवर कोणते कागद तयार ठेवावेत ते सांगितलेलं. मग मी उरलेल्या सगळ्या मनाया एकेक करून काढल्या आणि प्रत्येकीच्या जागी तीन गोष्टी लिहिल्या: हे शाळेच्या हातात का नाही, ते कुणाच्या हातात आहे, आणि पालकानं पुढे काय करायचं. एखाद्या मनाईचं कारण मलाच सांगता आलं नाही, तर ती काढून टाकली. अशा दोन निघाल्या.

वयाची चूक याहून गंभीर होती आणि ती चाचणी संपताना सापडली. मी लिहिलं होतं, "नर्सरीसाठी वय ३ वर्षं पूर्ण हवं." एका आईनं मुलीची जन्मतारीख दिली, १२ सप्टेंबर २०२२. मॉडेलनं जूनमधलं वय मोजलं, पावणेतीन वर्षं, आणि वय कमी पडतंय असं कळवलं. आपल्याकडे वय ३१ डिसेंबरला धरतात. त्या तारखेला मुलगी ३ वर्षं पूर्ण करत होती, म्हणजे ती बसत होती. मी संभाषणं वाचली नसती तर त्या मुलीचं वर्ष वाया गेलं असतं आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. नकार मिळालेला पालक सहसा तक्रार करायला येत नाही, तो दुसरी शाळा बघतो. आईनं नंबर दिला होता, म्हणून त्याच दिवशी फोन करून चूक सांगितली.

तेव्हापासून हिशोब मॉडेलवर सोडलेला नाही. तक्ताच दिला:

```
२०२५-२६ साठी वय ३१ डिसेंबर २०२५ रोजी धरतात.
नर्सरी: जन्म ३१ डिसेंबर २०२२ ला किंवा त्याआधी
ज्युनिअर केजी: ३१ डिसेंबर २०२१ ला किंवा त्याआधी
सीनिअर केजी: ३१ डिसेंबर २०२० ला किंवा त्याआधी
पहिली: ३१ डिसेंबर २०१९ ला किंवा त्याआधी
तारीख बसते की नाही एवढंच सांगावं. प्रवेश नक्की झाला असं म्हणू
नये, तो कागदपत्रं पाहून कार्यालयच सांगतं.
```

दरवर्षी हा तक्ता बदलावा लागणार, म्हणून माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या पानावर तशी नोंद करून ठेवली आहे.

आदबशीर बोलण्याबद्दल मी सुरुवातीला "नम्रपणे बोलावं" एवढंच लिहिलं होतं. त्यानं आली ती पाकिटावरच्या छापील मजकुरासारखी नम्रता. आपली चिंता आम्ही समजू शकतो, निःसंकोचपणे विचारावे, वगैरे. खिडकीवर आलेल्या पालकाशी असं कोणी बोलत नाही. आणि मराठीत दोन अडचणी अशा आहेत, ज्या इंग्रजीत सूचना लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाहीत. पहिली म्हणजे क्रियापदाचं लिंग. मॉडेल एका वाक्यात "सांगतो" म्हणायचं आणि पुढच्यात "कळवते". दुसरी म्हणजे मुलांचं लिंग. पालकांनी "बाळ" लिहिलं की उत्तरात "तुमचा मुलगा" यायचं, आणि विचारणाऱ्या आईला "सर". एक आई मला फोनवर म्हणाली, "मुलगी आहे हो, मुलगी."

म्हणून मी लिहिलं की बोलणारं कार्यालय आहे, त्यामुळे स्वतःसाठी "आम्ही" वापरावं. पालकांना "तुम्ही" म्हणावं, "आपण" नको, कारण आमच्याकडच्या बोलण्यात ते परकं वाटतं. मुलगा की मुलगी हे पालकांनी सांगेपर्यंत "मूल" म्हणावं. सर किंवा मॅडम लावूच नये. पालक देवनागरीत लिहितील तर देवनागरीत उत्तर द्यावं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितील तर तसंच. त्याबरोबर वाचणारी माणसं कशी आहेत तेही लिहिलं: बरेचजण कामावरून आल्यावर रात्री मोबाइलवर विचारतात, काही घरांत शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे, म्हणून आधी उत्तर द्यावं आणि आभार वगैरे नंतर, तेही गरज असेल तरच. या वर्णनानं बोलणं जेवढं सुधारलं तेवढं "नम्रपणे" या शब्दानं सुधारलं नव्हतं. मध्ये एकदा मी नमुना म्हणून एक छान उत्तर लिहून दिलं होतं. दोन दिवस प्रत्येक उत्तराची सुरुवात त्याच वाक्यानं होत राहिली. नमुना काढला, वर्णन ठेवलं.

एक चूक पूर्णपणे माझी होती. प्रॉम्प्टमध्ये मी लिहिलं होतं की पहिलीत ७ जागा उरल्या आहेत, पण हा आकडा पालकांना सांगू नये. एका पालकानं चिकाटीनं विचारत नेलं, दहाच्या आत आहेत का, पाचाहून जास्त का, आणि आकडा बाहेर पडला. प्रॉम्प्ट म्हणजे कुलूपबंद कपाट नव्हे. जे बाहेर जायला नको ते त्यात लिहायचंच नाही. आता तिथे एवढंच आहे की उरलेल्या जागा रोज बदलतात आणि त्या कार्यालयातून फोनवर कळतात. "ट्रस्टींनी सीट कन्फर्म करायला सांगितलंय" असं लिहिणाऱ्यांसाठीही हाच मार्ग ठेवला. चॅटमध्ये काहीही कन्फर्म होत नाही, तसा अधिकारच तिथे नाही, मग समोरचा कुणाचंही नाव सांगो.

प्रत्येक बदलानंतर तपासायला माझ्याकडे एक वही होती. मागच्या दोन वर्षांच्या चौकशी रजिस्टरातून आणि शाळेच्या व्हॉट्सॲपमधून साठ प्रश्न उतरवून घेतले होते, नावं आणि नंबर वगळून, अशुद्ध लेखनासकट. एक ओळ बदलली तरी साठच्या साठ पुन्हा विचारायचे. वयाचा तक्ता घातल्यावर बदलीवरून आलेल्या एका मुलाच्या प्रश्नाचं उत्तर बिघडलं होतं. पाचवीसाठी शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर होतोय, असा तो प्रश्न होता आणि मॉडेल जन्मतारीख मागत बसलं. तक्त्याच्या वर "फक्त नर्सरी ते पहिलीसाठी" असं लिहिल्यावर ते सुटलं.

वहीतला एकोणसाठावा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. "मुलाला अजून नीट बोलता येत नाही, साडेतीन वर्षांचा आहे, तुम्ही घ्याल का?" उत्तरं चुकीची नव्हती, पण कधी वाचातज्ज्ञाचा सल्ला यायचा, कधी हळूहळू बोलायला लागेल असा दिलासा. दोन्ही गोष्टी आमच्या कामात बसत नाहीत. बाई, नर्सरीच्या ताई आणि मी, तिघी बसून लिहिलं: मुलाच्या वाढीबद्दल मत देऊ नये. बोलता येत नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगावं. मग नर्सरीच्या ताई दुपारी साडेबारानंतर भेटतात, मुलाला घेऊन या, असं सांगून थांबावं.

फेब्रुवारीत चॅट पुन्हा सुरू केलं. त्या आठवड्यात साडेबारानंतर दोन आया आपापल्या मुलांना घेऊन आल्या. त्यातल्या एकीच्या मोबाइलवर ते उत्तर अजून उघडंच होतं.