जाड स्वेटर घरीच राहिला

पलंगावर कपड्यांचे दोन ढीग होते, एक उन्हाळ्याचा आणि एक थंडीचा. प्रवास दोन आठवड्यांचा. पहिला आठवडा 35 अंशांत, दुसरा डोंगरात, जिथे सकाळी 8 अंश. विमानात सोबत न्यायच्या बॅगेला मर्यादा 7 किलोंची, त्यात रिकामी बॅगच 2 किलोंची.

ढीग दोन केले इथेच चुकलं होतं. मागच्या खेपेला मी एक जाडजूड स्वेटर नेला. उकाड्यात तो आठवडाभर बॅगेतली जागा अडवून बसला आणि डोंगरावर वारा सुटला तेव्हा विणीतून थंडी थेट आत! ऊब देते ती धाग्यांमध्ये अडकलेली हवा. वारा तीच पळवून नेतो.

म्हणून आता थंडीचे कपडे वेगळे नाहीत. उन्हात घालायचा टी-शर्टच डोंगरात सगळ्यांत आतला थर. त्यावर पातळ लोकरीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मग फ्लीस, सगळ्यांवर वारा अडवणारं विंडचीटर. खाली सैलसर पँट, म्हणजे आत थर्मल मावते.

घरीच सगळं एकावर एक चढवून आरशासमोर हात वर करून पाहिले. विंडचीटर काखेत करकचलं. वरचा थर घट्ट असला की आतली हवा चेपली जाते, आणि चार कपडे घालूनही माणूस कुडकुडतो. एक माप मोठं विंडचीटर बहिणीकडून मागून आणलं. रंग पोपटी आहे, पण असो.

उरला आकड्यांचा प्रश्न. लोकरीचा शर्ट धरून वरचे चार, पँटी दोन, आणि दर तिसऱ्या रात्री बेसिनमध्ये धुणं. चौदा दिवसांचं गणित इथे सुटतं, पण कपडा सकाळपर्यंत वाळला तरच. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून वर गुडघ्याने दाबायचा; बरंच पाणी टॉवेल पितो. तरीही दमट हवेत सुती कपडा शिवणीपाशी आणि कमरपट्ट्यात ओला राहतोच, म्हणून जीन्स बाद. पॉलिस्टर झटपट वाळतं, पण दिवसभराच्या घामाने संध्याकाळी वास मारतं. पातळ मेरिनो लोकर त्या बाबतीत गुणी. रात्री हवेशीर टांगली की दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात. महाग असते, म्हणून माझ्याकडे तो एकच शर्ट.

काटा 7 किलो 400 वर थांबला. फ्लीस आणि विंडचीटर बाहेर काढून अंगावर चढवलं, जड बूट पायात घातले, चपला बॅगेत. काटा 6 किलो 500 वर आला. विमानतळावरच्या रांगेत, 35 अंशांत, पोपटी विंडचीटरमध्ये घामाने निथळणारी बाई कोणी पाहिली असेल, तर ती मीच.