डिस्क की स्ट्रीमिंग: कोणता सिनेमा कुठं ठेवायचा, हे मी कसं ठरवलं

लातूरच्या घरी कपाटातल्या व्हीसीडी-डीव्हीडींचा ढीग काढला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "हे भंगार कशाला जपलालास? टीव्हीवर सगळं लागतंय की." प्रश्न रास्त होता. आमच्याकडं दोन ॲप्सचे पैसे जातातच. पण आमच्या यादीतला एक जुना ग्रामीण मराठी सिनेमा उन्हाळ्यात ॲपवर होता आणि दिवाळीला पाहुणे आले तेव्हा गायब. ॲपकडं सिनेमा ठराविक मुदतीच्या करारानं येतो, करार संपला की जातो. डाउनलोड करून ठेवलेलाही त्याच ॲपमध्ये उघडतो आणि त्याची मुदत संपते. 'विकत घ्या' असं बटण असलं तरी बहुतेक ठिकाणी आपल्याला मिळतो तो फक्त बघण्याचा परवाना. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं तर 2025 पासून दुकानदारांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लावलंय.

म्हणून सरसकट एकच बाजू न धरता एकेक सिनेमा हातात घेऊन ठरवायचं म्हटलं. त्याआधी डिस्क जिवंत आहे का, हे बघणं आलं.

लॅपटॉपला यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडला. डिस्क लावली की सुरुवात बघून समाधान मानायचं नाही, शेवटचा अर्धा तास आधी बघायचा. एका थराच्या डिस्कवर माहिती आतून बाहेर लिहिलेली असते आणि बोटांचे डाग, घासणं हे सगळं कडेलाच जास्त. पहिली गाणी छान वाजतात आणि क्लायमॅक्सला चौकोन-चौकोन दिसायला लागतात ते त्यामुळंच. उलट दुहेरी थराच्या डीव्हीडीत मध्येच चित्र क्षणभर थांबलं तर घाबरू नका. प्लेअर एका थरावरून दुसऱ्यावर जातोय, एवढंच.

व्हीसीडीचं दुखणं वेगळं. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या मध्ये दाबलेला असतो. व्हीसीडीत तो वर, छापील चित्राच्या लगेच खाली, नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूचे ओरखडे बऱ्याचदा निभावतात, पण चित्राच्या बाजूनं नख लागलं तरी माहितीच खरवडून जाते. आम्ही सगळे लहानपणी चकचकीत बाजू सांभाळायचो आणि डिस्क चित्राकडून टेबलावर घासायचो!

त्या गायब झालेल्या सिनेमाची व्हीसीडी आमच्याकडं होती, दोन डिस्कची. पहिली ठीक निघाली. दुसरी ट्यूबलाइटसमोर धरली तर कडेजवळ सुईच्या टोकाएवढी दोन भोकं, त्यातून उजेड आरपार. असा ठिपका पुसून, पॉलिश करून जात नाही. व्हीसीडीतल्या चित्रपटाच्या फाइलला साध्या डेटा सीडीइतकं चूक-दुरुस्तीचं संरक्षणही नसतं, जागा वाचवायला ते काढलेलं असतं. डिस्कमधल्या `MPEGAV` फोल्डरमधली `AVSEQ01.DAT` ही फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करायला गेलो, तर पहिल्या डिस्कची आली, दुसरीची शेवटाजवळ अडली. मग जुन्या सीडी विकणाऱ्या एका दुकानातून त्याच सिनेमाचा दुसरा संच आणला आणि त्यातली दुसरी डिस्क पूर्ण उतरली. ही `.DAT` फाइल व्हीएलसीमध्ये सरळ चालते.

चित्र मात्र 352 × 288 चं. त्रेचाळीस इंची टीव्हीवर चेहरे पिठाळ दिसतात. ॲपवर तोच सिनेमा होता तेव्हा प्रिंट कितीतरी स्वच्छ होती, हे मान्यच करायला हवं. त्यामुळं तो परत आला तर बघायचा तिथंच. हार्ड डिस्कवरची प्रत तो नसेल तेव्हासाठी.

याच हिशोबानं बाकीचं ठरलं. व्हीसीडीवर आणि फक्त तिथंच सापडणारे सिनेमे आधी उतरवले, तेही दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. घरी लिहिलेल्या डीव्हीडींचाही नंबर तेव्हाच लावला, कारण त्यात रसायनाचा थर असतो आणि तो कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा लवकर खराब होतो. दुकानातून घेतलेल्या चांगल्या डीव्हीडी तशाच ठेवल्या, ॲपवर दिसत असल्या तरी. डीव्हीडीचं चित्र 720 × 576 चं, अजून बघवतं. आणि नवे मोठे सिनेमे, जे एका ॲपवरून गेले तरी दुसऱ्यावर येतात, ते स्ट्रीमिंगवर सोडले. ब्लू-रेचा विचार केला, पण त्याला वेगळा ड्राइव्ह किंवा प्लेअर लागतो, आणि आम्हाला हवे ते जुने मराठी सिनेमे त्यावर मिळालेच नाहीत.

डिस्क आता पत्र्याच्या खोलीतून खालच्या मधल्या खोलीत आल्यात, डब्यांत उभ्या. मे महिन्यात बेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. रेक्झिनचे पाऊच काढून टाकले, त्यात डिस्क चिकटतात. दरवर्षी उन्हाळा संपला की प्रत्येक डब्यातली एखादी डिस्क काढून तिचा शेवटचा अर्धा तास लावून बघतो.