वडिलांचे 'जनता' घड्याळ विक्रीला

आज वडिलांचे चावीचे एचएमटी 'जनता' विक्रीसाठी मांडले. किंमत ठरवताना मी विक्रेत्यांनी मागितलेले भाव बाजूला ठेवले आणि प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचेच भाव पाहिले, कारण मागणाऱ्याला काय, कितीही मागता येते.

या घड्याळांत खरा प्रश्न डायलचा असतो. बाजारातील पुष्कळ 'जनता' नव्याने रंगवलेली असतात. भिंगातून पाहिल्यास त्यांची अक्षरे जाड, कडा फुटलेल्या आणि मिनिटांच्या रेषा काट्यांशी न जुळणाऱ्या दिसतात. आमच्या डायलवर सहाच्या आकड्याजवळ पिवळसर डाग आहे, पण छपाई मूळचीच आहे आणि जाणकार संग्राहक अशा डागाला चकचकीत नव्या रंगापेक्षा अधिक मोल देतो. म्हणून त्या डागाचे छायाचित्र मी पहिलेच लावले.

खोका आणि हमीपत्र आहे. पत्रावरील क्रमांक मागच्या झाकणावरील क्रमांकाशी जुळतो. तो जुळला नसता, तर ते कागद दुसऱ्याच घड्याळाचे ठरले असते आणि त्यांचे वेगळे पैसे मागणे मला पटले नसते.

वर्णनात लिहिले : "१७ ज्वेल्स. गेल्या वर्षी यंत्र उघडून साफसफाई व तेलपाणी केले, पावती सोबत आहे. काच आणि चावी बदललेली आहे, मूळची नाही. रोज साधारण अर्धा मिनिट मागे पडते. पाण्यापासून जपावे."

चावी बदलल्याचे लिहू नये, असा सल्ला एका स्नेह्याने दिला. मी ते वाक्य ठेवले आणि किंमत ३,५०० वरून ३,००० केली.