नोंद ४: अ‍ॅड्रेनलिन गेलं, तरी रेघ खाली येईना

मागच्या खेपेला अ‍ॅड्रेनलिनच्या साखळीचं नुसतं चित्र काढलं होतं. चित्रातल्या बाणांना वेळ लागत नाही, ही त्याची गोची. म्हणून या वेळी तीच साखळी आकड्यांत मांडायला घेतली: स्नायूची पेशी, पटलावर अ‍ॅड्रेनलिन धरणारा बीटा-२ रिसेप्टर, आत निरोप फिरवणारं सायक्लिक एएमपी. पहिल्याच फेरीत फजिती झाली. साठाव्या सेकंदाला अ‍ॅड्रेनलिन शून्य केलं, तरी सायक्लिक एएमपीची रेघ खाली यायचं नाव घेईना. उलट चढतच गेली. दोन संध्याकाळी मी टायपिंगची चूक शोधत होतो, पण चूक माझ्या समजुतीत होती. ती कुठे होती हे कळण्यासाठी साखळी सुरुवातीपासून पाहू.

बीटा-२ रिसेप्टर म्हणजे ४१३ अमिनो आम्लांची, पटलातून सात वेळा आरपार गेलेली एकच साखळी. निरोप द्यायला अ‍ॅड्रेनलिनला पेशीच्या आत शिरावं लागत नाही. बाहेरच्या बाजूला सात वेटोळ्यांच्या मधे एक खोबण आहे, तिच्यात ते बसतं. त्याचं धनभारित नायट्रोजनचं टोक ११३ क्रमांकाच्या अ‍ॅस्पार्टेटला धरतं आणि कड्यावरचे हायड्रॉक्सिल गट पाचव्या वेटोळ्यावरच्या सेरीनांना. एवढ्या पकडीने रिसेप्टरचा आकार बदलतो आणि सहाव्या वेटोळ्याचं आतलं टोक बाहेरच्या अंगाला झुकतं. २०११ मध्ये रिसेप्टर आणि त्याचा निरोप आत पुढे नेणारं जीएस प्रथिन यांची एकत्रित स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तिच्यात हे टोक सुमारे १४ अँगस्ट्रॉम सरकलेलं दिसतं. पेशीच्या आत निरोप पोचतो तो एवढाच: एक फट उघडली.

त्या फटीत जीएसच्या अल्फा भागाचं शेपूट अडकतं. जीएस तीन तुकड्यांचं असतं, अल्फा, बीटा आणि गॅमा. विश्रांतीत अल्फाने जीडीपी हा दोन फॉस्फेटांचा रेणू घट्ट धरून ठेवलेला असतो. रिसेप्टरमुळे ही पकड सैल होते आणि जीडीपी गळून पडतो. पुढची पायरी मी कितीतरी दिवस चुकीची समजत होतो. मला वाटायचं की त्याच जीडीपीला एक फॉस्फेट जोडून जीटीपी तयार होतो. तसं काही होत नाही. जागा रिकामी होते, आणि पेशीत जीडीपीपेक्षा जीटीपी बराच जास्त असल्याने बहुतेक वेळा तोच येऊन बसतो. रिसेप्टर फक्त दार उघडून देतो.

(जीटीपीचा सहभाग उशिरा लक्षात आला, त्यामागे एक गंमत आहे. मार्टिन रॉडबेल उंदराच्या यकृतपेशींच्या पटलांवर ग्लुकागॉन या संप्रेरकाचे प्रयोग करत होते. त्यांच्या एटीपीमध्ये थोडा जीटीपी मिसळलेला होता, त्यामुळे तो वेगळा घालायची गरजच दिसत नव्हती. या वाटेवरच्या कामासाठी त्यांना आणि आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ चं नोबेल मिळालं.)

जीटीपी बसला की अल्फा बाकीच्या दोघांपासून सुटतो, पटलाच्या आतल्या बाजूने सरकतो आणि अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला जाऊन चिकटतो. सायक्लेज एटीपीमधून पायरोफॉस्फेट काढून टाकतं आणि उरलेल्या भागाचं कडं करतं. तेच सायक्लिक एएमपी. इकडे रिसेप्टर मोकळा झालेला असतो. त्याच्या खोबणीत अ‍ॅड्रेनलिन असेपर्यंत तो पुढचं जीएस चालू करत राहतो.

‘प्रत्येक पायरीवर सिग्नल वाढतो’ हे वाक्य जिथेतिथे वाचायला मिळतं, ते मला आता खटकतं. रिसेप्टर एकामागून एक जीएस चालू करतो, तिथे वाढ आहे. सायक्लेज रेणूमागून रेणू बनवतं, तिथेही आहे. पण अल्फा आणि सायक्लेज यांची जोडी एकास एक जमते. पुढे प्रोटीन कायनेज ए मध्ये तर हिशेब उलटा आहे: पूर्ण उघडायला चार सायक्लिक एएमपी लागतात आणि मोकळे होतात दोनच कार्यकारी तुकडे. तिथून पुढे पुन्हा विकरांची माळ आहे. कायनेज ए फॉस्फोरिलेज कायनेजला जागं करतो, तो फॉस्फोरिलेजला, आणि फॉस्फोरिलेज ग्लायकोजेनमधून ग्लुकोज-१-फॉस्फेट तोडत जातं. स्नायूत ती साखर जागेवरच वापरली जाते. फॉस्फेट काढून तिला रक्तात सोडणारं विकर यकृतात असतं, स्नायूत नाही.

आता माझं मॉडेल. मुद्दाम दोनच राशी ठेवल्या: `G` म्हणजे चालू असलेल्या जीएसचा अंश आणि `C` म्हणजे सायक्लिक एएमपी, मायक्रोमोलरमध्ये.

```python
kon, kh, ks, kp = 0.03, 0.07, 1.0, 0.1
G = C = 0.0
dt = 0.1
for i in range(1200):
    R = 1 if i < 600 else 0
    dG = kon*R*(1-G) - kh*G
    dC = ks*G - kp*C
    G += dG*dt
    C += dC*dt
    if i in (599, 1199):
        print(round(G, 2), round(C, 2))
```

`R` एक म्हणजे अ‍ॅड्रेनलिन आहे, शून्य म्हणजे नाही. `kon` म्हणजे जीएस चालू होण्याचा वेग, `kh` म्हणजे अल्फाने जीटीपी तोडण्याचा, `ks` म्हणजे सायक्लिक एएमपी बनण्याचा आणि `kp` म्हणजे फॉस्फोडायएस्टरेजचा वेग. फॉस्फोडायएस्टरेज हे विकर सायक्लिक एएमपीचं कडं उघडून साधं एएमपी करतं. `kon`, `ks` आणि `kp` हे आकडे मी सोयीचे धरलेत. `kh` मात्र हवेतला नाही. शुद्ध केलेला अल्फा मिनिटाला साधारण चार जीटीपी तोडतो, म्हणजे सेकंदाला ०.०७ च्या आसपास.

पहिल्या फेरीत हा `kh` मी लिहिलाच नव्हता. रिसेप्टर सुटला की जीएस आपोआप बंद पडेल, असं गृहीत धरलं होतं. पण जीटीपी बसलेल्या अल्फाला रिसेप्टरशी काही घेणंदेणं उरत नाही. वर अ‍ॅड्रेनलिन आहे की गेलं, हे त्याला कळायचा मार्गच नाही. तो थांबतो ते स्वतःच धरलेला जीटीपी स्वतः तोडल्यावर. `kh` शून्य असताना साठाव्या सेकंदाला `C` साडेसातच्या थोडा वर होता आणि अ‍ॅड्रेनलिन काढल्यावर पुढच्या मिनिटभरात ८.३ च्या पुढे गेला. ०.०७ घातल्यावर तोच `C` तिनाच्या जरा खाली स्थिरावला आणि १२० व्या सेकंदाला ०.१३ वर उतरला. चालू जीएस दर दहा सेकंदांनी निम्मं होतं, रेघ त्याच्या मागोमाग येते.

म्हणजे माझी चूक तंतोतंत कॉलऱ्याच्या विषासारखी होती. ते विष अल्फाच्या २०१ क्रमांकाच्या आर्जिनिनला एडीपी-रायबोज चिकटवतं, आणि अल्फाची जीटीपी तोडण्याची ताकद जाते. हे आतड्याच्या पेशीत घडतं तेव्हा सायक्लिक एएमपी चढलेलंच राहतं, क्लोराइडची वाट उघडी राहते आणि मागोमाग पाणी वाहून जातं. प्रयोगशाळेत हाच परिणाम न तुटणारा जीटीपी वापरून मिळवतात. मग संप्रेरक धुऊन काढलं तरी सायक्लेज चालूच राहतं.

मग `kp` निम्मा करून पाहिला. फॉस्फोडायएस्टरेज दाबणाऱ्या औषधांनी साधारण असंच होतं. साठाव्या सेकंदाला `C` ५.४ पर्यंत गेला आणि उतरायला जास्त वेळ लागला, पण उतरला. चढलेल्या आकड्यावरून दोन बिघाड वेगळे ओळखता येत नाहीत. उतरणीवरून येतात.

एक उणीव राहिलीये. अ‍ॅड्रेनलिन दहा मिनिटं चालू ठेवलं तर माझी रेघ सपाट राहते, खऱ्या पेशीत मात्र सिग्नल उतरत जातो. कारण चालू रिसेप्टरच्या शेपटावर जीआरके नावाचे कायनेज फॉस्फेट लावतात, मग अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं आणि जीएसला फटीत जागा मिळत नाही. त्यासाठी `R` ला नुसतं शून्य किंवा एक ठेवून भागणार नाही. तिसरं समीकरण वहीत मांडलंय, अजून चालवून पाहिलेलं नाही.