आमची वाटचाल: मालवणातली संध्याकाळची गाडी

२०२२च्या दिवाळीनंतर आम्ही नवरा-बायकोने मालवणात वडा, भजी आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीची गाडी सुरू केली. त्याआधी आमच्यापैकी कुणीच कधी धंदा केला नव्हता. पहिली जागा ठरवली ती जेटीजवळची, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या तिथून सुटतात आणि पर्यटक तिथेच उतरतात. तिसऱ्याच दिवशी गाडी हलवावी लागली. नगरपरिषदेची रोजची पावती फाडली की झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण बंदराची जागा मेरीटाईम बोर्डाच्या अखत्यारीत येते, तिथे त्या पावतीचा उपयोग नाही. शिवाय पावती म्हणजे परवाना नव्हे. शहरात फेरीवाल्याचा खरा कागद म्हणजे २०१४च्या पथविक्रेता कायद्याखालचं विक्री प्रमाणपत्र, आणि त्यासाठी सहसा आधी फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नाव यावं लागतं. म्हणून नव्याने गाडी लावणाऱ्याला मी आधी एवढंच विचारते, "जागा कोणाची, ते बघितलंत?"

अन्नपदार्थांची नोंदणी मात्र सोपी गेली. फोटो, ओळखपत्र आणि ऑनलाइन अर्ज, तेव्हा वर्षाला १०० रुपये फी. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून गाडीला लावला. घरचा सिलिंडर गाडीवर वापरायचा नाही, हेही पहिल्या दिवसापासून पाळलं.

दुसरी जागा निवडताना घाई केली नाही. आठवडाभर मी साडेचार ते आठ बाजारपेठेकडच्या रस्त्यावर उभी राहिले आणि नुसती माणसं नाही, तर हातात पिशवी घेऊन घरी परतणारी माणसं मोजली. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद होतात, पर्यटक आटतात, पण दुकानांतली आणि ऑफिसातली माणसं रोज त्याच वाटेने घरी जातात. मग त्याच रस्त्यासाठी अर्ज केला.

मेनू ठरला तो वहीमुळे. सुरुवातीला वडा, भजी, उसळपाव, शिवाय नूडल्स आणि मंचुरियन असे पाच पदार्थ होते. दोनशे पानी वहीत रोज प्रत्येक पदार्थाचे तीन आकडे लिहायचे: किती नेलं, किती उरलं, किती विकलं. दोन आठवड्यांत दिसलं की नूडल्स आठवड्यातून चार दिवस उरतात आणि उसळ सातच्या आत संपते. नूडल्स, मंचुरियन दोन्ही बंद केले. वड्याची भाजी कमी पडली तर घरून बटाटे उकडून आणता येतात. उसळीचं तसं नाही, वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात. किलोभर वाटाण्यात रश्शासकट साधारण २५ प्लेटा होतात, म्हणून किती भिजवायचे ते रात्री वही बघूनच ठरतं. "वयनी, उसळ रवली काय?" असं विचारत आलेलं माणूस परत पाठवताना मला फार वाईट वाटतं.

पैशाचा हिशेब जमायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात गल्ल्यातूनच घरची मासळी, गल्ल्यातूनच मुलाची वही. रात्री पैसे दिसायचे, पण कमाई किती ते कळायचं नाही. मग नियम केला: सुट्टे ५०० रुपये ठेवून गल्ला उघडायचा, आणि मध्ये एक रुपया जरी काढला तरी तिथल्या तिथे चिठ्ठी टाकायची.

एका संध्याकाळचं पान सांगते. रात्री गल्ल्यात २,३४० रुपये होते. त्यातले सुरुवातीचे ५०० वजा केले. जादा पावांसाठी काढलेले १२० चिठ्ठी बघून त्यात मिळवले. मोबाईलवर ८६० जमा होते. विक्री झाली २,८२०. आता मालाकडून तपासायचं: वडे ७२, पंधराप्रमाणे १,०८०, भजी ३४ प्लेटा, तीसप्रमाणे १,०२०, उसळपाव १८, चाळीसप्रमाणे ७२०. बेरीज २,८२०. दोन्हीकडून आकडा एक आला म्हणजे पान बंद.

दुसऱ्या एका रात्री १८० रुपये कमी भरले. दोघंही गप्प, एकमेकांकडे बघत. मग यांना आठवलं, सातच्या गर्दीत तेलाची पिशवी आणली आणि चिठ्ठी राहिली. फरक कुठे शोधायचा हे आता ठरलेलं आहे: आधी चिठ्ठ्या, मग मोबाईलचे जमा मेसेज (गर्दीत कुणाचं पेमेंट अडकतं आणि आपल्याला वाटतं आलं), मग उधारी, आणि शेवटी माल मोजताना झालेली चूक. फरक सापडला नाही, तर तो तसाच लाल पेनाने लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात मिसळत नाही.

घरखर्चाला आता रोज रात्री ठरलेली रक्कम काढतो आणि तीही वहीत लिहितो. मासळी त्यातून येते. तेलाचे डाग पडलेली ही चौथी वही. आज पान बंद झालं, उद्या शनिवार, म्हणून दीड किलो वाटाणे भिजत घातले आहेत.