पिवळी झबली आणि कॉलरचं बटरफ्लाय

मी कापड तपासायच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे दिवसभर लोकांचे नवेकोरे कपडे कापायचे, भिजवायचे आणि आकडे लिहायचे. नव्या कपड्यांच्या वासाचं आम्हाला काही वाटेनासं झालेलं असतं, नाक मरतंच म्हणा ना. पण त्या दिवशी ते एक खोकं फोडलं आणि सॅम्पल कापणारे आमचे दादा चक्क दोन पावलं मागं सरकले, डोळे चोळत म्हणाले मॅडम, हे लहान मुलांचं आहे ना?

हो, लहान मुलांचंच. पिवळ्या होजिअरी कॉटनची झबली, मऊ मऊ, एकेक वेगळ्या पॉलिबॅगमध्ये. माल उतरवणाऱ्या लोकांच्या डोळ्यांची आग झाली म्हणून तक्रार आली होती आणि नमुने आमच्याकडं पाठवले होते.

आता वास म्हणाल तर नव्या कपड्यांचा वास हा एकच प्रकार नसतो. आंबूस, व्हिनेगरसारखा आला तर डाइंगनंतर न्यूट्रल करायला घातलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड नीट धुतलं गेलेलं नसतं, तो एका धुण्यात जातो. रॉकेलसारखा आला तर प्रिंटिंगची पेस्ट किंवा मशीनच्या तेलाचा डाग काढायला मारलेलं सॉल्व्हंट. मासळीसारखा आला तर सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडाला रेझिन लावतात त्या फिनिशिंगमध्ये गडबड, अमाईन नावाची वासाची केमिकल्स तयार झालेत. आणि हा जो होता तो नाकात टोचणारा, डोळ्यात पाणी आणणारा, त्याला आमच्याकडं एकच नाव, फॉर्मल्डिहाइड. पण सुरकुत्या न पडणाऱ्या शर्टाला हा वास येणं समजू शकतो, होजिअरीच्या झबल्याला रेझिन लावतंय कोण?

म्हणून आधी टेस्ट. कापड बारीक कापून १ ग्रॅम मोजायचं, १०० मिली पाण्यात टाकायचं, ४० डिग्रीला एक तास ठेवायचं, मग पाणी गाळून त्यात अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनचं रिएजंट घालायचं. फॉर्मल्डिहाइड असेल तर पाणी पिवळं होतं, जितकं जास्त तितकं गडद, आणि तो पिवळेपणा मशीनवर ४१२ नॅनोमीटरला मोजायचा. आकडा आला किलोला ५४ मिलिग्रॅम. अनेक ठिकाणी लहान बाळांच्या कपड्यांना १६ किंवा २० च्या वर चालत नाही, म्हणजे सरळ नापास.

झबली शिवणाऱ्या युनिटचे मॅनेजर फोनवर तापलेच. म्हणाले, मॅडम, कापड पिवळं आहे, आमचा रंग पाण्यात उतरला असेल आणि तुम्ही त्यालाच फॉर्मल्डिहाइड म्हणताय. खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता, रंगीत कापडात हा घोळ होतो. त्यासाठी डायमेडोन नावाचं केमिकल असतं, ते आधी घातलं की फॉर्मल्डिहाइडला धरून बसतं आणि मग रिएजंटला रंग यायला काही उरत नाही. रंग कापडाचा असता तर डायमेडोन घालूनही पिवळा तसाच राहिला असता. आमच्या टेस्ट ट्यूबमध्ये पाणी जवळजवळ बिनरंगी राहिलं. म्हणजे फॉर्मल्डिहाइडच.

मॅनेजर मात्र मागं हटले नाहीत. त्यांनी माल निघताना बाजूला ठेवलेलं एक झबलं पाठवलं, आणि नीट पॅक करून, पॉलिबॅगमध्ये आणि वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल. हे फॉइलचं प्रकरण बऱ्याच लोकांना उगीच वाटतं, पण फॉर्मल्डिहाइड पॉलिथिनच्या पिशवीतून आरपार जातो, आत पण आणि बाहेर पण, म्हणून फॉइल. आणि फॉइल थेट कापडाला लावायची नाही, कारण कापडावर उरलेलं केमिकल धातूवर क्रिया करू शकतं, म्हणून आधी पिशवी. तर ते झबलं तपासलं आणि काहीच नाही, मोजण्याइतकंसुद्धा नाही. तोच रंग, तीच बॅच, तीच शिलाई. मी दोनदा केली टेस्ट, मला वाटलं माझंच चुकलं.

मग मी खोक्याशी बसले. दादांना म्हटलं, खोकं उलटं करा. खालच्या कोपऱ्यातून टप्पकन एक प्लॅस्टिकची वस्तू पडली, पातळ, पारदर्शक, अर्धगोल, मधे खाच. शर्टाच्या कॉलरखाली बसवतात ना, पॅकिंगमध्ये कॉलर उभी राहावी म्हणून, ते बटरफ्लाय. झबल्याला कॉलर कुठली? दादा माझ्याकडं बघतायत, मी दादांकडं.

पाठवणाऱ्यांना विचारल्यावर कळलं, ही झबली एकटी नव्हतीच. बाप-लेकाचा एकसारखा सेट होता, बापाचा इस्त्री न लागणारा शर्ट आणि बाळाचं झबलं, दोन वेगळ्या युनिटमध्ये शिवलेलं, तिसऱ्या ठिकाणी एकत्र पॅक केलेलं. तक्रार झबल्यांची आली म्हणून शर्ट काढून फक्त झबली आमच्याकडं पाठवली. आणि झबल्यांच्या पिशव्यांना भोकं होती, मुलांच्या कपड्यांच्या पिशव्यांना पाडतात ती, कुणी डोक्यात घातली तरी गुदमरू नये म्हणून. म्हणजे वास आत यायला दारच उघडं. बंद खोकं, गरम जागा, कित्येक दिवस चिकटून ठेवलेले, शर्टातनं निघालेला फॉर्मल्डिहाइड ओलसर कॉटन शोषणारच, कारण तो पाण्यात भलताच विरघळतो आणि कोरडं दिसलं तरी कॉटनमध्ये थोडं पाणी असतंच.

मग शर्ट मागवले. आकडा २१२. मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी ७५ ची मर्यादा धरतात, त्यात तेही नापास. शर्टावर काय असतं ते एकदा सांगते. कॉटन चुरगळतं कारण त्याच्या तंतूंच्या आतल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकांवर सरकतात. म्हणून डीएमडीएचईयू नावाचं रेझिन लावून, मॅग्नेशियम क्लोराइडसारखं कॅटॅलिस्ट घालून, १५० डिग्रीच्या आसपास भाजतात, त्याला क्युअरिंग म्हणतात, आणि त्यात रेझिन त्या साखळ्यांना आडवे टाके घालतं. हे रेझिन फॉर्मल्डिहाइड वापरूनच बनतं. भाजणं कमी पडलं किंवा नंतर कापड धुतलंच नाही की न जोडलेलं रेझिन आणि मोकळा फॉर्मल्डिहाइड कापडात राहतो. आणि जे टाके पक्के बसलेत तेसुद्धा दमट गरम हवेत हळूहळू सुटतात आणि पुन्हा थोडा फॉर्मल्डिहाइड सोडतात.

इथं मला उत्सुकता गप्प बसू देईना, कारण घरी प्रत्येक जण विचारतो की मग वाऱ्यावर टाकलं की झालं का. रिपोर्टला गरज नव्हती तरी मी दोन्ही कपडे पंख्याच्या वाऱ्यात मोकळे टांगले तीन दिवस. झबलं ५४ वरून २३ वर आलं. शर्टाचा वास नाकाला तर पूर्ण गेला, मी छातीठोक म्हणाले असते झालं साफ, आणि मशीनवर आकडा १८५! वारा लावल्यावर वर-वर बसलेलं आणि आधीच मोकळं झालेलं निघून जातं, झबल्यात तर सगळं उसनंच होतं म्हणून अर्ध्याहून जास्त गेलं, पण शर्टात माल आतच होता, पाणी लागल्याशिवाय तो फारसा बाहेर येत नाही. घडी घालून खिडकीत ठेवणं तर जवळजवळ नुसतं समाधान, हवा आत जातच नाही.

मग धुणं. साधा डिटर्जंट, ४० डिग्री पाणी, मशीन अर्धीच भरलेली, शेवटी एक जास्तीचं खंगाळणं. झबल्यात काही सापडलं नाही. शर्ट ७८. दुसऱ्या धुण्यानंतर ५५. पहिलं धुणं सगळ्यात जास्त काम करतं हे कागदावर माहिती होतं पण डोळ्यासमोर बघितल्यावर बरं वाटलं. हे त्या एकाच मालाचे आकडे आहेत हां, तुमच्या शर्टाला वेगळे येतील, रेझिन किती लावलंय, किती भाजलंय त्यावर जातं. सुगंधी सॉफ्टनर मी मुद्दाम वापरला नाही, त्यानं वास झाकला जातो आणि तुम्हाला वाटतं कपडा स्वच्छ झाला.

आणि मग माझा हट्ट. दोनदा धुतलेला तो शर्ट वाळवून घट्ट पिशवीत घातला आणि लॅबच्या गरम, दमट खोलीत दोन आठवडे ठेवला. पिशवी उघडली तर पुन्हा तोच टोचरा वास, कमी पण ओळखीचा, आकडा ६९. टाके सुटत होते, त्याला धुण्यानं काय होणार. म्हणून असले शर्ट धुऊन वाळवले तरी पिशवीत दडपून ठेवू नका, हँगरला मोकळे ठेवा. न धुतलेल्यावर वाफेची इस्त्री तर अजिबात नको, मी एकदा केलीय, डोळ्यातनं घळाघळा पाणी.

रिपोर्टमध्ये दोन्ही नापास लिहिले, पण झबल्यांच्या खाली एक ओळ जास्तीची घातली की कारण शेजारचा शर्ट असण्याची शक्यता, पुरावा म्हणून फॉइलमधल्या नमुन्याचा आकडा. शर्टवाल्या युनिटनं क्युअरिंग तपासून पुढची बॅच धुऊन पाठवली. झबल्यांचे मॅनेजर त्यांचा माल धुऊन, वेगळ्या खोक्यात घालून पुन्हा तपासायला घेऊन आले, काही सापडलं नाही. जाताना म्हणाले, मॅडम, आधी बोललो त्याबद्दल सॉरी. मी म्हटलं, तुमचं फॉइलमधलं झबलं नसतं तर मी तुम्हालाच धरून बसले असते.

यात आमचीही लाज निघाली. आम्ही प्रत्येक टेस्टबरोबर एक साधं पांढरं कापड तपासतो, ज्यात काही नसतं, तुलनेला. त्या आठवड्यात त्या कापडाचा आकडा शून्याऐवजी थोडा वर यायला लागला. मशीन बघितली, रिएजंट बदललं, तरी तेच. शेवटी दादांनी कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात ते नापास शर्ट उघडेच पडलेले आणि वरच्या कप्प्यात आमचं कंट्रोल कापड. ते सगळं टाकून दिलं, नवं आणलं, आणि आता शर्टांना फॉइल लावून दुसऱ्या खोलीत ठेवतो.