तार नेमकी कुठे गेली?

पन्नाशीच्या बाई. मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. त्या व्हेंटिलेटरवर होत्या, ऑक्सिजन भरपूर देऊनही सॅच्युरेशन 84 च्या पुढे जात नव्हतं, आणि सरासरी रक्तदाब 50 च्या आसपास घुटमळत होता. रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रेनालिन हाताच्या बारीक शिरेतून चालू होतं आणि त्याचा वेग वाढवावाच लागत होता. हे औषध शिरेबाहेर पाझरलं तर आजूबाजूची कातडी काळी पडते, म्हणून सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी कॅथेटरची नळी, लगेच हवी होती. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स मात्र फक्त 38 हजार.

प्लेटलेट्सच्या आकड्याने जागेचा प्रश्न बराचसा सुटला. एरवी कॉलरबोनखालची सबक्लेव्हियन शीर मला आवडते. आजूबाजूच्या पडद्यांनी ती कॉलरबोनला बांधलेली असते, त्यामुळे रक्तदाब कोसळला तरी मानेतल्या शिरेइतकी सहज चपटी होत नाही. तिथे संसर्गही कमी होतो. पण ती पहिल्या बरगडीवरून कॉलरबोनच्या खाली जाते. तिच्या मागे स्केलीन स्नायू, त्याच्या मागे सबक्लेव्हियन धमनी, आणि लगेच खाली फुप्फुसाचं आवरण. धमनीला सुई लागली तर वर हाड असल्यामुळे दाब द्यायला जागाच मिळत नाही. आवरणाला लागली तर व्हेंटिलेटरवरच्या, आधीच ऑक्सिजन कमी असलेल्या माणसाच्या छातीत हवा भरत जाते. या रुग्णाला यातलं काहीच परवडणारं नव्हतं. म्हणून मानेतली उजवी जुग्युलर शीर. उजवीच, कारण ती जवळपास सरळ रेषेत हृदयाकडे उतरते. डावीकडून गेलं तर पुढे मोठं वळण लागतं आणि मानेच्या तळाशी लसिका वाहून नेणारी थोरॅसिक डक्टही असते.

लाइन आमची रेसिडेंट टाकत होती, मी शेजारी उभा होतो. तिने पलंगाचा डोक्याकडचा भाग खाली केला, मान डावीकडे बरीच वळवली आणि अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवला. जुग्युलर शीर सहसा मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या बाहेरच्या बाजूला, किंचित पुढे असते. पण मान जितकी जास्त वळवावी तितकी ती धमनीच्या वर सरकते. इथे शीर धमनीवर अगदी झाकण ठेवल्यासारखी बसली होती.

"सर, इथून सुई आरपार गेली तर थेट कॅरोटिडमध्ये जाईल. मी खाली येते," ती म्हणाली. प्रोब तिने कॉलरबोनच्या अगदी वर आणला. तिथे पडद्यावर कॅरोटिड शिरेखालून बाजूला झाली होती आणि शीरही मोठी दिसत होती. तिचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही, फक्त अर्धा होता. मानेच्या तळाशी, उजव्या बाजूला, सबक्लेव्हियन धमनी फुप्फुसाच्या शेंड्यावरून कमानीसारखी वर येते आणि तिचा पहिला भाग जुग्युलरच्या मागेच पडतो. मणक्यांकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी तिथूनच फुटते. कॅरोटिड टाळून आपण दुसऱ्या धमनीसमोर येतो, आणि प्रोब आडवा धरला की ती कमान पडद्यावर नेहमी नीट येईलच असं नाही.

सुई आत गेली. शिरेच्या मधोमध पांढरा ठिपका दिसला, सिरिंजमध्ये काळपट रक्त सहज आलं. उसळी नाही, ठोका नाही. जिच्यावरून पुढे कॅथेटर सरकवायचं ती तारही सुईतून न अडखळता गेली. तिने छिद्र रुंद करणाऱ्या डायलेटरकडे हात नेला.

मी म्हटलं, "थांब. आधी तार बघू."

तिला आश्चर्य वाटलं, कारण रक्त काळं होतं. पण सॅच्युरेशन 84 असताना धमनीतलं रक्तही काळपटच दिसतं, आणि दाब इतका कमी असला की सिरिंजमध्ये ठोका जाणवेलच असं नाही. रंग आणि उसळी या दोन्ही खुणा ज्या रुग्णात सर्वात जास्त हव्या असतात, त्याच रुग्णात त्या फसव्या ठरतात.

पांढऱ्या ठिपक्याचंही तसंच. आडव्या प्रोबमध्ये सुईचा कुठलाही भाग ठिपक्यासारखाच दिसतो, मग ते टोक असो की दांडा. टोक मागच्या भिंतीतून बाहेर पडलेलं असलं तरी शिरेत ठिपका दिसतच राहतो. शिवाय कमी दाबाची शीर सुईच्या रेट्याने आधी दबते, पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकते आणि दोन्ही एकदम भोसकल्या जातात.

मी प्रोब उभा फिरवायला सांगितला. तार शिरेत शिरताना दिसली, आणि मग तिरकी होऊन शिरेच्या मागच्या भिंतीतून पलीकडे गेलेली. खात्रीसाठी तारेवरून 18 गेजची बारीक कॅन्युला सरकवली, तार काढली आणि 50 सेंटिमीटरची निर्जंतुक नळी जोडली. नळी आधी खाली धरून रक्ताने भरू दिली आणि मग सरळ वर उचलली. शिरेत असतो तर रक्त थोड्या उंचीवर थांबून श्वासाबरोबर खालीवर झालं असतं. इथे ते वरच्या टोकातून बाहेर सांडलं. 50 मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे साधारण 65 सेंटिमीटर रक्ताचा स्तंभ. म्हणजे धमनीचा दाब इतका पडलेला असला तरी ही नळी तिला पुरत नाही.

छिद्र अजून 18 गेजचंच होतं, आणि सगळा फरक तिथेच आहे. डायलेटर गेला असता तर ते कित्येक पट मोठं झालं असतं, आणि मग कॅथेटर ओढून काढणं हीच घोडचूक ठरली असती. तेव्हा ते जागेवर ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवायचं असतं. आम्ही कॅन्युला काढली आणि कॉलरबोनच्या वर खोलवर 15 मिनिटं दाब दिला. इथे बोट धमनीपर्यंत पुरतंच असं नाही, म्हणून सिस्टरना प्लेटलेट्स चढवायला सांगितलं आणि प्रोबने रक्ताची गाठ वाढत नाही ना ते पाहत राहिलो.

मग डावीकडे जावं का? रेसिडेंटने तेच विचारलं. मी नको म्हटलं. एका बाजूला गळती सुरू असण्याची शक्यता असताना दुसऱ्या बाजूलाही रक्त साचलं, तर मानेत दोन्हीकडून दाब येतो. गाठ वाढत नाही याची खात्री झाल्यावर उजवीकडेच पुन्हा, पण वर, थायरॉइड कूर्चेच्या पातळीला. तिथे तर कॅरोटिड शिरेखाली होती. मी मान जवळपास सरळ केली, आणि पडद्यावर शीर हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकली. धमनी शिरेखालून मोकळी झाली. एवढी वळवलेली मानच मूळ अडचण होती, जागा नव्हे.

या वेळी तिने प्रोब उभा धरला आणि सुईचं टोक पुढच्या भिंतीवर टेकल्यापासून आत शिरेपर्यंत नजरेसमोर ठेवलं. प्रोबचा दाबही हलका केला, नाहीतर शीर आपल्याच हाताने चपटी होते. तार गेल्यावर मागची भिंत अखंड असल्याचं तिने मला न विचारता दाखवलं. नळीतलं रक्त या वेळी 14 सेंटिमीटरवर थांबून श्वासाबरोबर हलत होतं. मगच डायलेटर, तोही कातडी आणि शिरेच्या भिंतीपुरताच, पूर्ण लांबी नाही.

एक्स-रेमध्ये कॅथेटरचं टोक श्वासनलिका दुभागते त्या पातळीच्या जरा खाली होतं आणि फुप्फुस पूर्ण फुगलेलं होतं. नॉरअॅड्रेनालिन नव्या लाइनवर घेतलं. रात्रभर दर तासाला मानेचा घेर मोजायचा, आणि उजव्या हाताची नाडी तपासायची, असं चार्टवर लिहून ठेवलं. घेर वाढला नाही.